कॅमेऱ्याचा हात

गेममधली मुलगी स्क्रीनवर नुसती उभी होती. कंट्रोलर मी टेबलावर ठेवून दिला होता, माझे दोन्ही हात मांडीवर होते, म्हणजे कुणी काही दाबतही नव्हतं. आणि तरी तिच्या मागची दगडी भिंत हळूच डावीकडे सरकली आणि झटकन जागेवर आली. परत सरकली, परत आली.

"काय भिकार कॅमेरा लिहून ठेवलाय!" मी मोठ्यानं म्हणाले. ऑफिसात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. शिवी त्या कॅमेऱ्याला होती, पण ऐकवत मी स्वतःलाच होते. कारण कॅमेरा भिकार असला तर बरंच होतं. कॅमेरा दुरुस्त करता येतो.

गेल्या वर्षी एका सकाळी मी उठले तर छत फिरत होतं. गंमत नाही सांगत, पंख्यासकट छत. उठायला गेले आणि कपाटावर आदळले. डाव्या कानाच्या आत तोल सांभाळणारी एक नस असते, ती सुजली होती. कित्येक दिवस मी पलंगाची कड धरून पडून होते. नवरा कारखान्यातून रजा काढून घरी बसला, मला बाथरूमपर्यंत धरून न्यायचा, भात भरवायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं होईल. सहसा परत होत नाही. पण झालंच तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी या." बरी झाले. हळूहळू चालायला लागले, मग कामावर आले. स्कूटर मात्र विकून टाकली, धायरीहून रिक्षानं यायला लागले. आणि 'सहसा' हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसला, मेला.

आता माझं काम काय, तर गेमच्या कॅमेऱ्याचं. म्हणजे बघूनच करायचं काम. कॅमेरा गुळगुळीत चालतो की हिसके देतो, वेळेवर वळतो की मागं रेंगाळतो, हे डोळ्यांनी आणि पोटानं ओळखायचं. ज्या बाईला स्थिर भिंत हलताना दिसते तिला हे काम कोण देईल? मला दुसरं काही येत नाही. बरं, काम गेलं तर गेलं एक वेळ, पण ते छत परत फिरायला लागलं तर?

आमचं ऑफिस वारज्यात, एका प्लायवूडच्या दुकानावर. खाली करवत सुरू झाली की वर आमचे कप थरथरतात. माणसं मोजकी. मालक आमच्याहून वयानं मोठे, कॅम्पातल्या जुन्या घराण्यातले. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो, ते त्यांना अजिबात आवडत नाही. ईदला घरून शीरखुर्मा आणतात आणि एरवी वर्षभर टोमणे मारतात. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जास्त पुणेरी आहे. उशीर झाला की म्हणतात, "या, या. आपण आलात, ऑफिसचं भाग्य उजळलं."

आणि माझ्या शेजारच्या टेबलावर अमरावतीची एक मुलगी. आमची आर्टिस्ट. ती जागा बांधते, म्हणजे गेममधले दगड, पाणी, अंधार सगळं तिचं. गेम असा की एक मुलगी पुण्याच्या पोटातल्या जुन्या पाण्याच्या नळांतून चालत जाते. नळ म्हणजे लोखंडी पाइप नव्हे, दगडी बांधणीचे माणूस वाकून जाईल असे बोगदे. कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणायचे ते. मध्ये मध्ये वर उघडणारे उच्छ्वास, त्यातून उजेड पडतो. दिसायला सुंदर. पण कॅमेरेवालीच्या दृष्टीनं नुसता जाच, कारण सगळीकडे भिंतीच भिंती.

"जरा रुंद कर ना गं," मी तिला पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं.

"रुंद केलं त नळ कोन म्हनन त्याले, ताई?" ती म्हणाली. "मंगल कार्यालय म्हनतीन."

गेममधल्या माणसाला मागून बघायचं असेल तर कॅमेरा कुठं ठेवायचा? आम्ही अशी कल्पना करतो की त्या मुलीच्या खांद्यापासून मागं एक न दिसणारा हात निघालाय आणि हाताच्या टोकाला कॅमेरा आहे. मुलगी चालली की हात मागं येतो, आपण कंट्रोलरवरचा अंगठ्यानं फिरवायचा खुंट फिरवला की हात तिच्याभोवती फिरतो. मोकळ्या मैदानात यात काही कठीण नाही. पण मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली की मागचा हात जाणार कुठं? भिंतीत. आणि गेममधल्या भिंतीच्या आत काही नसतं. बाहेरून दगड काढलेला असतो, आत पोकळ. कॅमेरा आत गेला की दगड नाहीसा होतो आणि सगळा बोगदा उलटा, पोकळ, काळ्या शून्यात टांगलेला दिसतो. बघणाऱ्याचा गेमवरचा विश्वासच उडतो. म्हणून भिंत आली की हात आखडायचा, मोकळं झालं की लांब करायचा. ऐकायला सोपं आहे.

हा कॅमेरा माझ्या आधीच्या मुलानं लिहिला होता. तो नोकरी सोडून गेला आणि कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. पुढच्या महिन्यात बंगळुरूहून गेम विकत घेणारी माणसं येणार होती. भाई म्हणाले, "बाकी सगळं चालेल. कॅमेरा असाच राहिला तर ते चहा पिऊन जातील. चहा आपला वाया जाईल."

म्हणून मी त्या दिवशी बसले होते, आणि भिंत सरकली होती.

शेजारी वळले. "ए, इकडे बघ. ही भिंत हलतेय ना?"

ती खुर्ची ओढत आली. डोळे बारीक करून बघितलं. "नाही बाप्पा."

"नीट बघ. हळूच डावीकडे जाते आणि झटकन परत येते."

"काहीच हलून नाही राहिलं, ताई." मग माझ्याकडे बघितलं. "तुमाले बरं वाटून राहिलं ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी खेकसले. ती बिचारी गप्प खुर्ची घेऊन गेली. मला वाईट वाटलं. पण भीतीच इतकी वाटत होती की वाईट वाटायला जागा उरली नव्हती.

घरी सांगितलं नाही. सांगणार काय? नवरा लगेच परत रजा टाकणार, त्याचं तोंड परत तसं होणार, गेल्या वर्षी झालं होतं तसं. शिवाय एकदा तोंडून बाहेर पडलं की ते खरं होतं असं मला वाटायचं. मी मनाशी ठरवलं, आधी कॅमेरा. कॅमेऱ्यात दोष सापडला की माझ्यात नाही.

आणि दोष सापडले. शोधणाऱ्याला सापडतातच, पण हे खरे होते.

पहिला तर इतका मोठा की मी कपाळावर हात मारला. त्या मुलानं भिंत कुठं लागते ते बरोबर मोजलं होतं. खांद्यापासून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत एक रेघ टाकायची, रेघ दगडाला अडली की तिथं थांबायचं. पण मग गुळगुळीत दिसावं म्हणून त्यानं हात त्या जागेपर्यंत हळूहळू आखडवला होता. अरे शहाण्या, हळूहळू म्हणजे मधला सगळा वेळ कॅमेरा भिंतीच्या आतच की! मी क्रम उलटा केला. काय ते गुळगुळीत करायचं ते आधी करून घ्या, आणि भिंतीची तपासणी अगदी शेवटी. शेवटचा शब्द भिंतीचा. भिंत आली की हात ताबडतोब आखडायचा, तिथं लाड नाहीत. मोकळं झालं की मात्र हळू लांबवायचा. आत पटकन, बाहेर सावकाश.

रेघही काढून टाकली. रेघ बारीक असते, कोपऱ्याच्या कडेनं सटकून जाते. पण कॅमेऱ्याला रुंदी असते. त्याच्या नाकासमोर एक अदृश्य चौकट असते आणि तिच्या अलीकडचं काही काढलंच जात नाही. ती चौकट दगडात शिरली की दगड कापल्यासारखा दिसतो. म्हणून रेघेऐवजी चेंडू टाकायचा, त्या चौकटीचे कोपरे पोटात मावतील एवढा. चेंडू जिथं अडेल तिथं कॅमेरा.

दुपारपर्यंत कॅमेरा भिंतीत जायचा बंद झाला. आर्टिस्ट मुलीनं टाळ्या वाजवल्या. मी गेममधल्या मुलीला बोगद्याच्या मध्यावर उभं केलं, कंट्रोलर खाली ठेवला आणि बघत बसले.

भिंत हळूच डावीकडे गेली आणि झटकन परत आली.

एकदम माझ्या लक्षात आलं. हळू जाते, झटकन येते. मी नुकता जो नियम लिहिला तो हाच तर! आत पटकन, बाहेर सावकाश. म्हणजे हात कुठंतरी उगाच आखडतोय आणि लांबतोय. बरोबर, असंच असणार. मी अक्षरशः हसले. बोगद्यात वरून मुळ्या लोंबत होत्या, दोरखंड होते, बारीक खांब होते. चेंडू त्यांना अडत असणार. मी त्या बारीकसारीक गोष्टींना कॅमेऱ्यापुरतं नसल्यासारखं केलं. मोकळं झाल्यावरही लगेच लांबायचं नाही, क्षणभर थांबून मग, हेही घातलं. म्हणजे खांबांच्या रांगेतून मुलगी पळाली तरी कॅमेरा भात्यासारखा आत-बाहेर होणार नाही. मुलगी भिंतीला टेकली की हात इतका आखडायचा की स्क्रीनभर तिचंच डोकं. तेव्हा ती अलगद पुसट व्हावी अशी सोय केली. सगळं बरोबर, सगळं छान. चालवून बघितलं तर खांबांमधून कॅमेरा लोण्यासारखा गेला.

मुलीला उभं केलं तर भिंत परत सरकली.

पुढचे दिवस कसे गेले सांगू? मी ऑफिसात शब्द बोलत नव्हते. डोकं हलवायचं नाही, खाली वाकायचं नाही, पाणी प्यायलाही मान मागं टाकायची नाही. आरशात डोळे बघायला घाबरत होते. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं, डोळे एका बाजूला हळू जातात आणि झटकन परत येतात. ते आठवलं की मी लगेच विचार तोडायचे. कॅमेराच आहे. कॅमेराच. कोणीतरी दुसऱ्यानं एकदा म्हणावं की मलाही हलताना दिसतंय, एवढीच माझी देवाजवळ मागणी होती. खरं सांगते, माझ्या गेमनं कुणाला तरी उलटी व्हावी असं मी मनापासून मागत होते.

आणि देव पण काय, नको ते लगेच देतो.

भाई गेम खेळायला बसले की पाच-दहा मिनिटांत त्यांना फोन यायचा. "आलोच," म्हणायचे आणि गॅलरीत जायचे. मला वाटायचं, केवढे कामाचे फोन! एका दुपारी मला खरंच काही विचारायचं होतं म्हणून मी मागोमाग गेले. फोनबिन काही नव्हता. भाई कठड्याला धरून उभे, तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम. हातात आलेपाकाच्या वड्यांची पुडी.

"भाई, काय झालं?"

"काही नाही." एक वडी तोंडात टाकली. "जा तू."

"अहो, तुम्हाला मळमळतंय का?"

त्यांनी माझ्या मागं कुणी आलंय का ते बघितलं. खाली करवत किंचाळत होती. मग म्हणाले, "कॅमेरा फिरला की पोटात ढवळतं. पहिल्यापासून. कुणाला बोलू नकोस. गेम कंपनीचा मालक स्वतःचा गेम बघून ओकतो, हे बोर्डावर लिहायचंय का?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! समोर माणूस ओकायच्या बेतात आणि माझ्या डोळ्यांत आनंदानं पाणी. "भाई, तुम्ही फार चांगले आहात हो," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हिचं डोकं फिरलंय. पण मला आता काही वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी होतंय. म्हणजे कॅमेराच! मी तरंगतच जागेवर आले.

त्यांचा लॅपटॉप मागून घेतला. तो लॅपटॉप म्हणजे एक पुरातन वस्तू. नवा घ्या म्हटलं की म्हणतात, "माझ्यावर चाललं तर जगात कुठंही चालेल." गेम लावला आणि लगेच कळलं. खुंट फिरवला तर कॅमेरा आधी विचार करतो आणि मग वळतो. बोगद्यात चाललं तर मुलगी पुढं आणि कॅमेरा मागं रेंगाळत. हाताला एक सांगावं, डोळ्याला दुसरंच दिसावं, मग पोट बिघडेल नाही तर काय होईल?

दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे गुळगुळीतपणाचा हिशोब. त्या मुलानं लिहिलं होतं की स्क्रीनवरच्या दर चित्राला, म्हणजे दर फ्रेमला, उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्सा कापायचा. माझ्या मशिनवर सेकंदाला भरपूर चित्रं निघतात, म्हणून अंतर भराभर कापलं जातं. भाईंच्या लॅपटॉपवर चित्रं कमी, म्हणून तेच अंतर कापायला दुप्पट-तिप्पट वेळ. एकच कॅमेरा, माझ्याकडे चपळ आणि त्यांच्याकडे म्हातारा. ही चूक आमच्या धंद्यात सगळेच करतात, आणि चांगल्या मशिनवर बसलेल्याला ती कधी दिसत नाही. मी तो हिस्सा गेल्या चित्रापासून किती वेळ गेला त्यावर बांधला. आता चित्रं कमी निघोत की जास्त, तेवढ्या वेळात तेवढंच अंतर कापलं जाणार.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यानं वळण्यालाही तोच रेंगाळपणा लावला होता. वळणं हे खेळणाऱ्याचं स्वतःचं मान वळवणं आहे, त्याला उशीर चालत नाही. मी तिथला गुळगुळीतपणा उपटून फेकला. खुंट फिरला की कॅमेरा फिरला, तत्क्षणी. मऊपणा ठेवला तो फक्त मुलीच्या मागं मागं जाण्यात, म्हणजे ती पायरी चढली, ठेच लागली, एकदम थांबली तर धक्का बसू नये म्हणून. तोही थोडासा, आणि ती कॅमेऱ्यापासून ठरावीक अंतरापेक्षा पुढं जाऊच शकणार नाही असा लगाम घालून.

भाई खेळायला बसले. आम्ही दोघी मागं उभ्या. पहिला उच्छ्वास गेला. दुसरा गेला. भाई वळले, वाकले, भिंतीला टेकले, खांबांमधून पळाले. फोन आला नाही. शेवटच्या हौदापर्यंत पोचले, कंट्रोलर खाली ठेवला, खिशातली आलेपाकाची पुडी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"वाईट नाही," म्हणाले.

पुण्यात यापेक्षा वरचं बक्षीस नाही. आर्टिस्ट मुलीनं मला मिठी मारली. "जमलं ना ओ ताई! लोन्यावानी चालून राहिलं!" कुणीतरी खालून भेळ आणली. मी हसत होते, खात होते. आणि खाता खाता मी माझ्या जागेवर जाऊन बसले, मुलीला बोगद्याच्या मध्यावर उभं केलं, कंट्रोलर खाली ठेवला.

भिंत हळूच डावीकडे सरकली आणि झटकन परत आली.

आनंदाच्या भरात मी एक गोष्ट विचारलीच नव्हती. भाईंना त्रास होत होता तो त्यांच्या लॅपटॉपवर, आणि कॅमेरा फिरला की. मला दिसत होतं ते माझ्या चांगल्या मशिनवर, मुलगी नुसती उभी असताना. एक रोग वेगळा, दुसरा वेगळा. हे मला आधीच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं, मी कळू दिलं नव्हतं.

आता एकच उपाय उरला होता आणि तो करायला माझा हात उचलत नव्हता. कॅमेरा जिथं असतो त्या जागेचे आकडे असतात. लांबी, रुंदी, उंची, आणि तोंड कुठल्या दिशेला तेही. ते दर चित्राला लिहून काढायला सांगता येतं. आकड्यांना चक्कर येत नाही. भेळ बाजूला सारली. दोन ओळी लिहायला तीनदा चुकले. चालू केलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे उतरायला लागले. एकाखाली एक, एकाखाली एक. सगळे तेच. दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत तेच. कॅमेरा तसूभर हलत नव्हता. आकडे जागच्या जागी आणि त्यांच्या शेजारी भिंत सरकत होती. मग बघता बघता आकडेही सरकायला लागले. हळूच डावीकडे, झटकन परत. मी स्क्रीनवरून नजर उचलून ऑफिसच्या भिंतीकडे बघितलं. इतके दिवस मुद्दाम बघितलं नव्हतं. तिथं लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं टांगलंय. तेही सरकत होतं.

मला रडू फुटलं. नीट, बायकी, भोकाड पसरून रडू.

"ताई? ताई, काय झालं?"

"मला होतंय," मी म्हणाले. "कॅमेऱ्याला नाही. मलाच होतंय."

भाई उठून आले. आता टोमणा येईल म्हणून मी वाट बघत होते, तो आला असता तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी स्क्रीनवरचे आकडे बघितले, माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षीचं त्यांना माहीत होतं. खिशातून गाडीची किल्ली काढली. "ऊठ. दवाखान्यात चल."

"बंगळुरूची माणसं..."

"खड्ड्यात गेली बंगळुरूची माणसं. ऊठ म्हटलं ना."

जिना उतरताना मला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. आर्टिस्ट मुलगी माझ्यापुढं उलटी उतरत होती, तोंड माझ्याकडे करून, माझे दोन्ही दंड धरून. "माह्याकडं पाहा," म्हणत होती. "खाली नका पाहू, माह्याकडं पाहा." मागून भाई. प्लायवूडच्या दुकानातली माणसं हातातलं काम टाकून बघत होती. मला लाज वाटत होती आणि लाजेच्या दहापट भीती वाटत होती. आता छत फिरणार, आता पलंग, आता परत सगळं पहिल्यापासून. आणि या खेपेला बरं नाही झालं तर?

गाडीत बसल्यावर भाई म्हणाले, "घरी कळवलंस?"

"नाही."

"मग आधी ते." आणि गाडी सुरूच करेनात.

मी नवऱ्याला फोन लावला. तो कारखान्यात होता, मागं मशिनचा आवाज येत होता. मला वाटत होतं हे वाक्य माझ्या तोंडून निघणारच नाही. "ऐक ना," मी म्हणाले. "घाबरू नकोस. मला परत सगळं हलताना दिसायला लागलंय."

मशिनचा आवाज कमी झाला, म्हणजे तो बाहेर आला असावा.

"मला माहितीय," तो म्हणाला.

"काय माहितीय? मी कुठं सांगितलं?"

"गेला आठवडाभर तू घरात भिंतीला हात लावून चालतेयस. स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत. झोपायला जातानासुद्धा."

मला हे ठाऊकच नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. मी माझ्या हाताकडे बघितलं. बोटांच्या टोकांना घरच्या भिंतीचा चुना लागलेला होता, पांढरा, नखांत गेलेला.

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडले.

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. "मला पण भीती वाटत होती गं."